व्हिसाचा अर्ज : विचारणा केव्हा करावी?

तळेगाव ढमढेरे येथील एखादे दांपत्य लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीस निघाले आहे, असे समजू. अल्पमुदतीच्या व्हिसाचा अर्ज 2 जूनला पुण्याच्या स्वीकार-केंद्रात दिला. तेथे कागद व बोटांचे ठसे घेतले जातात. निर्णय मात्र वकिलातीत होतो. तेव्हा निकालाविषयी केंद्रातील कारकुनास विचारून काहीच निष्पन्न होत नाही.

पावतीवरील क्रमांक संकेतस्थळावर घातला म्हणजे अर्ज केंद्रात आहे, वकिलातीकडे गेला आहे, की परत निघाला आहे, एवढेच कळते. आतील तपासणीच्या पायऱ्या तेथे दिसत नाहीत. म्हणून ‘विचाराधीन’ हा शेरा आठवडाभर तसाच राहिला, तरी ते अशुभ चिन्ह नव्हे. पारपत्र परत निघाल्याची नोंदही होकार-नकार सांगत नाही. तो पाकीट उघडल्यावरच कळतो.

शेंगेन नियमांप्रमाणे निर्णयाची मुदत सुट्ट्या धरून 15 दिवसांची आहे. अधिक तपास लागल्यास ती 45 दिवसांपर्यंत वाढते. अर्ज ग्राह्य ठरल्यापासून ही मोजणी होते. तो 5 जूनला ग्राह्य ठरला, तर 20 जूनपूर्वी विचारणा करणे व्यर्थ. त्यानंतर क्रमांक व प्रवासाची तारीख देऊन एक पत्र धाडणे सर्वथा रास्त. वकिलातीने कागद मागितला, तर मात्र त्याच दिवशी उत्तर द्यावे.

पूर्ण मुदत 20 जुलैस संपते. बाळंतपण 10 जुलैच्या सुमारास असेल, तर विचारणेने हे अंतर भरून निघणार नाही. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत देता येतो. खरा उपाय तोच.