जर्मनीत घर शोधताना: ‘Kaution’चा रकाना

जर्मन पोर्टलवर भाड्याची मर्यादा घालताना ती ‘Kaltmiete’ची की ‘Warmmiete’ची, हे आधी पाहावे. पहिले निव्वळ भाडे, दुसऱ्यात देखभाल आणि बहुधा हीटिंगही धरलेले. भाषांतरात ‘थंड भाडे’ असे काही उमटते आणि अर्थ हरवतो. अनामत, म्हणजे ‘Kaution’, कायद्याने निव्वळ भाड्याच्या तिपटीपर्यंतच घेता येते. निव्वळ भाडे ७०० युरो, वरखर्च २०० असेल, तर कमाल २,१०० युरो. रकान्यात २,७०० दिसले तर हिशेब एकूण भाड्यावर केलेला आहे. घरांची टंचाई असताना हुज्जत घातली तर घर जाईल, ही भीती खरी आहे. पण अनामत तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क करारावर सही झाल्यावरही वापरता येतो. घर पाहण्याआधीच अनामत मागितली, तर मात्र फसवणूक समजावी.