पहाटे चार वीसपर्यंत

बँकेच्या डेटा सेंटरमध्ये मी काही वर्षं रात्रपाळीचा ऑपरेटर होतो. जूनअखेरीची ती रात्र. चाळीस लाख बचत खात्यांवर व्याज टाकणारा जॉब साडेअकराला सुरू केला. मिनिटाला वीस हजार खाती, या हिशेबाने दोन पन्नासपर्यंत संपायला हवा होता. दोन वाजून दहा मिनिटांनी पाहिलं तर आकडा सव्वीस लाखांवर थांबलेला. अर्धा तास झाला, तरी तिथेच. एररही नाही.

हात पहिल्यांदा शिवशिवतो तो जॉब मारून पुन्हा चालू करायला. तीच सगळ्यात महागात पडणारी चूक. दर हजार खात्यांनंतर जॉब काम पक्कं करत होता, म्हणजे सव्वीस लाख लोकांचं व्याज आधीच जमा झालेलं. कुठपर्यंत आलो याची खूण मात्र तो कुठेच ठेवत नव्हता. नव्याने सोडला असता तर पहिल्या खात्यापासून सुरू झाला असता आणि त्या सव्वीस लाखांना व्याज दुसऱ्यांदा मिळालं असतं.

मी आधी कागदावर वेळ मांडली. उरलेल्या चौदा लाखांना सत्तर मिनिटं, पुढच्या कामांना अडीच तास, शाखांसाठी सिस्टीम आठला हवी. म्हणजे चार वीसपर्यंत थांबता येत होतं. मग डेटाबेसला विचारलं :

```
SELECT sid, blocking_session, event
FROM v$session
WHERE blocking_session IS NOT NULL;
```

उत्तरात एकच ओळ आली : `enq: TX - row lock contention`. जॉब मेला नव्हता, रांगेत उभा होता. कुणीतरी एका खात्याची ओळ धरून ठेवली होती. ओरॅकल अशा वेळी सहसा तक्रार करत नाही. कुलूप सुटेपर्यंत, रात्रभरसुद्धा, वाट पाहतं.

कुलूप धरणारं सेशन संध्याकाळपासून निपचित पडलेलं होतं. ते दिवसपाळीच्या एका प्रोग्रामरचं. ते मारायचा अधिकार मला नव्हता, म्हणून डीबीए साहेबांना उठवलं. महिनाअखेरीला त्यांची झोप मोडायला मी कधीच लाजलो नाही. ते म्हणाले, "आधी त्याला विचार, काय बदलत होता."

प्रोग्रामर अर्धवट झोपेत होता. "एका खात्याचा पत्ता दुरुस्त करत होतो. कमिट राहिलं वाटतं. उडवा, उद्या परत करतो."

सेशन मारलं की त्याची दुरुस्ती पुसली जाणार होती, तेवढंच नुकसान. दोन पस्तीसला साहेबांनी ते बंद केलं आणि आकडा लगेच पुढे सरकला. व्याज पावणेचारला संपलं, दिवस सव्वासहाला उघडला. शिफ्टच्या वहीत मी दोन ओळी लिहिल्या. पुढच्या तिमाहीआधी त्या जॉबमध्ये शेवटच्या खात्याचा क्रमांक नोंदवायची सोय झाली.