नाल्यावरची पोती आणि अध्यक्षांचा परिचय

जिंतूरच्या आमच्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी संघ दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत स्नेहभोजन ठेवतो. पंगती बसण्याआधी प्रास्ताविक होतं, मग अध्यक्षांचा परिचय, मग अध्यक्षांचे चार शब्द आणि शेवटी आभार. हा परिचय बरीच वर्षं माझ्याकडे आहे. जुने कागद चाळताना लक्षात आलं की या काळात परिचयाची तऱ्हा दोनदा बदलली, आणि त्या बदलात संघाची वाटचालही उमटलेली आहे.

पहिल्या काळात परिचय म्हणजे पदांची यादी असे. आमच्यातल्या थोरल्यांच्या पदवीपत्रावर मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद असं छापलेलं आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं आणि परभणी जिल्ह्यातली महाविद्यालयं तिकडे जोडली गेली. पुढे १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आणि औंढ्याकडून एसटीनं येणारे आमचे वर्गमित्र कागदोपत्री दुसऱ्या जिल्ह्याचे झाले. भेटीगाठी तुरळक होत्या. कोण कुठल्या खात्यात लागलं, कोण तहसीलला आहे, कोण पुण्याला गेलं, हेच मुळात माहीत नसायचं. त्यामुळे अध्यक्षांची पदं, बदल्यांची गावं आणि मिळालेले पुरस्कार वाचून दाखवले की ऐकणाऱ्यांना खरोखर काही नवं कळायचं. त्या काळाला तो परिचय शोभत होता.

मोबाइल आले, बॅचवार ग्रुप झाले आणि पदांची बातमी समारंभाआधीच सगळ्यांच्या खिशात पोचू लागली. मग परिचयात आठवणी शिरल्या. बस चुकली म्हणून कोण पायी आलं, गॅदरिंगमध्ये कोणाचा संवाद अडला, प्रयोगशाळेत कोणी परीक्षानळी फोडली. लोक मनापासून हसत. पण अडचण अशी होती की तीच आठवण त्या बॅचमधल्या कुणालाही लागू पडायची. यांनाच अध्यक्ष का केलं, संघ आता काय करतो आहे, याचा पत्ता त्यातून लागत नसे. नुकतीच पदवी घेतलेली मुलं आणि दुसऱ्या बॅचची मंडळी त्या हसण्याबाहेर राहत.

दुसरं वळण दुष्काळानं आणलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. आमच्या तालुक्यात पूर्णेवर येलदरीसारखं मोठं धरण आहे, पण उत्तरेकडच्या डोंगराळ गावांच्या विहिरी त्याच्या भरवशावर भरत नाहीत. तिथं वर मुरूम, खाली काळा पाषाण. पाऊस पडतो, नाले धावतात आणि दिवाळीनंतर कोरडे पडतात. त्या वर्षीच्या स्नेहभोजनात पानावर बसल्या बसल्या पाण्याचीच बोलणी झाली आणि संघानं वनराई बंधाऱ्यांचं काम हाती घ्यायचं ठरवलं. त्यासाठी वर्गणी जमवायची, म्हणजे संस्था रीतसर हवी. म्हणून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी केली. तेव्हापासून अध्यक्ष बदलला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, वर्षाचा हिशेब तपासून घ्यावा लागतो. अध्यक्षपदाला आता जबाबदारी चिकटली होती, आणि परिचयानं त्या जबाबदारीबद्दल बोलणं भाग होतं.

आत्ताचे अध्यक्ष जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. त्यांच्या परिचयासाठी मी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातली आठवण धरली, कारण ते आज जे काम करतात त्याची सुरुवात तिथं झाली होती. शिबिर एका डोंगरपायथ्याच्या गावी होतं. आम्ही मुलामुलींनी नाल्यावर पोत्यांचा बंधारा घातला होता.

आठवण धरली, तरी ती तशीच व्यासपीठावर न्यायची नाही, हा माझा नेम आहे. आधी त्या शिबिरातल्या दोघातिघांना फोन केले. एकानं सांगितलं, "गुरुजींनीच बंधारा वाचवला, काय सांगू तुम्हाला!" दुसऱ्याला फक्त पिठलं-भाकरी आणि थंडी आठवत होती. तिसरा फोन आमच्या वर्गातल्या ताईंना केला. त्या आता सेलूकडे शिकवतात. त्या म्हणाल्या, "गढूळ पाणी आधी मी पाहिलं होतं. मी भांडी घासायला खालच्या अंगाला गेले होते. मी ओरडले तेव्हा पोरं हसली. ते एकटे बूट काढून खाली उतरले." शेवटी खुद्द गुरुजींना विचारलं. ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे. पाहिलं तिनं. मी नुसतं ऐकलं."

या एका वाक्यानं परिचय जागेवर आला. एरवी मी एका माणसाच्या हुशारीची गोष्ट सांगितली असती आणि जिनं ते पाहिलं तिचं नाव त्यातून गळलं असतं. ज्याचा परिचय द्यायचा त्याला सगळ्यांत शेवटी विचारावं. आधी विचारलं तर तो संकोचानं सगळंच पुसून टाकतो, आणि मुळीच विचारलं नाही तर दुसऱ्याचं श्रेय त्याच्या पदरात पडतं.

मग बंधाऱ्याची गोष्ट मी नीट समजून घेतली, कारण ऐकणाऱ्यांत शेतकरी होते. सिमेंटची रिकामी पोती दोनतृतीयांश भरायची, गच्च भरायची नाहीत. गच्च पोतं दगडासारखं बसतं आणि शेजारच्या पोत्याशी फट राहते. सैल पोतं दाबलं की पसरतं आणि फट बुजते. तोंड सुतळीनं शिवायचं, आणि वरच्या थरातलं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर येईल असं रचायचं. दोन्ही टोकं काठात खोदून आत घुसवायची. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नाल्यातली वाळू उपसून खालच्या घट्ट थरावर पहिली ओळ ठेवायची. आमच्या शिबिरात नेमकं हेच राहिलं होतं. पोती वाळूवरच ठेवली होती, आणि पाणी तुंबताच त्यानं वाळूतून वाट काढली.

खालच्या अंगाला पाझर दिसणं यात काही बिघडलं असं नसतं. पाझर स्वच्छ असेल तर थोडं पाणी निसटतंय, एवढंच. पण तोच गढूळ झाला, तर पाणी आपल्याबरोबर पायातली माती-वाळू नेतंय आणि बंधारा आतून पोकळ होतोय. ताईंनी तो रंग पाहिला. गुरुजींनी मधली पोती काढायला लावली, पाणी सोडून दिलं, वाळू उपसली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून बांधलं. शिबिराचा एक अख्खा दिवस त्यात गेला.

स्नेहभोजनात मी चार मिनिटांपेक्षा जास्त बोललो नाही. गावोगावहून आलेल्या बहिणींना परतीची एसटी गाठायची असते आणि भाकरी गरम असतानाच पंगत बसलेली बरी. पदं एका वाक्यात संपवली. शिबिराची गोष्ट सांगितली, ताईंना उभं राहायची विनंती केली, आणि मग म्हणालो:

"मंडळी, त्या दिवशी गुरुजींनी ओरडणाऱ्या मुलीचं ऐकलं आणि बांधलेलं काम उलगडलं. आज संघाचा बंधारा ठरतो तेव्हा ते तेच करतात. आधी गावातल्या बायांना विचारतात की नाला कुठवर वाहतो, कोणत्या महिन्यात आटतो, कारण पाण्याला त्याच जातात. मग सब्बल घेऊन वाळूत उतरतात. घट्ट थर लागला नाही तर जागा बदलतात, मग त्या जागेचा आग्रह देणगीदारानं का धरलेला असेना. गेल्या साली एका जागेचे पैसे त्यांनी याच कारणानं परत केले. अशा माणसाच्या हाती आपली वर्गणी आहे. गुरुजी, या."

पैसे परत केल्याचं मुद्दाम सांगितलं. संघानं काय केलं ते अहवालात येतंच, काय करायचं नाकारलं ते कुठंच लिहिलेलं नसतं. अध्यक्षाची पारख मात्र नकारात जास्त होते. ही गोष्ट सांगण्याआधी त्या देणगीदारांची परवानगी घेतली होती आणि त्यांचं नाव घेतलं नव्हतं. परिचयात कुणी दुखावलं जाईल असं काही असू नये. विशेषतः ती व्यक्ती त्याच पंगतीला बसणार असेल तर नाहीच.

आठवण आणि आजचं काम यांची सांगड घालायची, तर दोन्हीकडे एकच सवय दिसली पाहिजे, असं मला वाटतं. कॉलेजात नाटकात काम करायचे आणि आज संघ चालवतात, असं म्हटलं की दोन गोष्टी शेजारी उभ्या राहतात, त्यांच्यात धागा नसतो. गुरुजींच्या बाबतीत धागा होता: दुसऱ्याचं ऐकणं, आणि चुकीच्या पायावरचं काम वेळ गेला तरी उलगडणं. ती सवय ऐकणाऱ्याला ओळखता आली की त्याला पुढच्या कामाचाही अंदाज येतो.

अर्थात बंधाऱ्याची मर्यादाही मी परिचयातच सांगितली होती. ही पोती उन्हानं विरतात आणि पुढच्या पावसाळ्यातल्या पुरात वाहून जातात. म्हणजे दरवर्षी पाऊस ओसरल्यावर, नाल्यात धार असेपर्यंतच, नव्यानं बांधायचं. अडलेलं पाणी रब्बीच्या एखाददुसऱ्या पाळीला आणि शेजारच्या विहिरींना उपयोगी पडतं. त्यानं दुष्काळ हटत नाही. हे न सांगता नुसतं कौतुक केलं असतं, तर पुढच्या साली वाहून गेलेली पोती पाहून लोकांनी वर्गणी आखडली असती.

जेवणं झाल्यावर विज्ञान शाखेची शेवटच्या वर्षाची दोनतीन पोरं गुरुजींभोवती जमली. मला वाटलं फोटो काढायला आली असतील. त्यातल्या एकानं विचारलं, "सर, बांधून झाल्यावर खालच्या अंगाचं पाणी रोज बघायला कोण जाणार?" आजवरच्या आमच्या बैठकांत हा प्रश्न कधी निघाला नव्हता. बांधण्याची तारीख ठरायची, देखरेखीची नाही. गुरुजींनी तिथंच वही काढली. ज्या मुलांची गावं नाल्याजवळ आहेत त्यांची नावं पाळीनं लिहिली, आणि पाझर गढूळ दिसला तर कोणाला फोन करायचा ते ठरलं. त्या यादीत पहिला फोन ताईंचा आहे, दुसरा गुरुजींचा.