नुकसानीएवढा कर: मक्तेदार कारखान्याला तो का चुकू शकतो?

डोंबिवली एमआयडीसी, वालधुनी आणि उल्हास नदीच्या प्रदूषणावर बोलताना आपल्या बैठकांत एक मागणी हमखास येते: "जेवढं नुकसान, तेवढा कर लावा." या मागणीमागे अर्थशास्त्र आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० च्या ग्रंथात हा विचार सविस्तर मांडला. कारखानदार कच्चा माल आणि मजुरीचा खर्च मोजतो, पण नदीकाठच्या वस्तीने सोसलेला खर्च मोजत नाही. तो खर्च कराच्या रूपाने त्याच्या हिशेबात घातला, की तो उत्पादन योग्य पातळीवर आणतो.

१९६९ मध्ये जेम्स बुकॅनन यांनी यावर एक आक्षेप घेतला: कारखाना मक्तेदार असेल तर हाच कर समाजाचं नुकसान वाढवू शकतो. कार्यकर्त्यांनी हा आक्षेप समजून घ्यायला हवा, असं आम्हाला वाटतं. उद्या एखादी कंपनी तो आपल्यासमोर ठेवू शकते.

एक काल्पनिक हिशेब करू. रंग बनवणारा एकच कारखाना आहे. १०० रुपये किलो भावाला त्याचा रंग कुणी घेत नाही. भाव एक रुपयाने उतरला की रोजचा खप एक किलोने वाढतो. एका किलोचा उत्पादनखर्च २० रुपये आणि त्यातून नदीचं व वस्तीचं नुकसान ५० रुपये. म्हणजे समाजाला एक किलो रंग ७० रुपयांना पडतो. भाव ७० असताना खप ३० किलो होतो, म्हणून ३० किलो हे योग्य उत्पादन.

कर नसताना मक्तेदार किती बनवेल? एक किलो जास्त विकायचा तर त्याला सगळ्याच मालाचा भाव उतरवावा लागतो. ४१ वा किलो ५९ रुपयांना जातो, पण आधीच्या ४० किलोंवर एकेक रुपया बुडतो. हाती फक्त १९ रुपये, खर्च २०. म्हणून तो ४० किलोवर थांबतो. भाव चढा राहावा म्हणून तो माल आधीच कमी काढतो. त्याच्या जागी एकमेकांशी स्पर्धा करणारे अनेक कारखाने असते, तर ८० किलो रंग बनला असता.

आता ५० रुपये कर लावू. त्याचा खर्च ७० होतो आणि तो १५ किलोवर येतो. कर नसताना १० किलो जास्त बनत होते. लोकांच्या लेखी त्यांची किंमत ६० ते ७० रुपये होती आणि समाजाला ते ७० ला पडत होते. तोटा ५० रुपये. पूर्ण कर लावल्यावर १५ किलो कमी बनले, ज्यांची किंमत लोकांच्या लेखी ७० ते ८५ होती. तोटा ११२ रुपये ५० पैसे. म्हणजे इथे पूर्ण कर हा कर नसण्यापेक्षाही वाईट ठरला. नेमके ३० किलो हवे असतील तर कर २० रुपयेच पुरतो. उरलेले ३० रुपये मक्तेदारीच्या आखडत्या हाताने आधीच भरून काढलेले असतात.

म्हणून डोंबिवलीत कर कमी करायचा का? नाही. तिथे रंग, रसायनं आणि कापडप्रक्रियेचे अनेक लहान-मोठे कारखाने आहेत. देशभरच्या बाजारात विकणारा लहान कारखाना भाव ठरवत नाही, बाजारभाव घेतो. त्याला पिगूंचा पूर्ण करच लागू पडतो. कुणी मक्तेदारीचा युक्तिवाद केला तर एकच प्रश्न विचारायचा: यांनी माल कमी काढला तर बाजारातला भाव चढतो का? चढत नसेल तर सवलतीला आधार नाही.

दुसरी मर्यादा महत्त्वाची आहे. वरचा कर मालाच्या किलोवर होता. तो सांडपाण्यातल्या घाणीवर लावला, तर कारखाना उत्पादन घटवण्याऐवजी पाणी शुद्ध करणं निवडू शकतो आणि बुकॅनन यांचा आक्षेप बराच सौम्य होतो. आपल्याकडे १९७७ च्या कायद्याने जल उपकर होता. तो वापरलेल्या पाण्यावर होता, झालेल्या नुकसानीवर नव्हे. २०१७ मध्ये जीएसटीबरोबर तोही गेला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवर उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणासाठी सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. पण ती घडून गेलेल्या नुकसानीची भरपाई होती. रोजच्या सांडपाण्याला किंमत लावणारा कर तो नव्हता.

तिसरी गोष्ट हा हिशेब सांगतच नाही. त्यात रंग घेणाऱ्याचा रुपया आणि नाल्याकाठी राहणाऱ्याचा रुपया एकाच तागडीत पडतात. रंग महागल्याचा तोटा एकाचा, दूषित पाण्याचा तोटा दुसऱ्याचा. समता मानणाऱ्या चळवळीला हे दोन तोटे एकमेकांत वळते करून गप्प बसता येणार नाही. म्हणून आमचं म्हणणं असं: मक्तेदारी खरी असेल तर तिच्यासाठी स्पर्धा आयोगाकडे जावं आणि घाणीवर घाणीएवढा कर मागावा. एकाच कराने दोन्ही दुखणी बरी करू पाहिलं, तर सवलत मक्तेदाराला मिळते आणि घाण वस्तीच्या वाट्याला येते.