हार्ड डिस्क टाकून देण्याआधी केबल बदला

संगणक मधेच अडकतो, मोठी फाइल कॉपी करताना थांबतो. मग कोणीतरी CrystalDiskInfo उघडून पाहतं आणि त्यात C7 या ओळीतला आकडा वाढलेला दिसतो. तिथं नाव असतं UltraDMA CRC Error Count. ‘एरर’ हा शब्द वाचला की डिस्क गेली असं समजून लोक थेट नवी घ्यायला दुकान गाठतात. बऱ्याचदा हा खर्च फुकट जातो.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यातली ही ओळ तबकडीबद्दल बोलतच नाही. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात साटा केबलमधून डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो. पाठवणारा प्रत्येक तुकड्यावरून गणित करून ३२ बिटांचा एक तपासणी आकडा काढतो आणि सोबत पाठवतो. घेणारा तेच गणित पुन्हा करतो. उत्तर जुळलं नाही, तर तुकडा वाटेत बिघडला असं धरून तो पुन्हा मागवला जातो आणि ही नोंद वाढते. म्हणूनच फाइल शाबूत राहते, पण काम रखडतं.

तबकडीचं दुखणं वेगळ्या ओळींत दिसतं: 05, C5 आणि C6. निकामी झाल्यामुळे बदललेले सेक्टर, वाचता न आल्याने संशयात ठेवलेले सेक्टर आणि तपासणीतही न वाचलेले सेक्टर यांची मोजणी तिथं असते.

समजा, या तिन्ही ओळी शून्यावर आहेत आणि C7 मध्ये 1A दिसतंय. हा आकडा सोळाच्या पद्धतीत लिहिलेला असतो, म्हणजे आपले २६. तो कागदावर लिहून ठेवा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी दुसरीकडे काढा. संगणक बंद करून प्लग काढा आणि केबलची दोन्ही टोकं पाहा. टोक सैल आहे का, केबल घट्ट दुमडली गेली आहे का? पत्र्याची खिट्टी असलेली, एक मीटरपेक्षा कमी लांबीची नवी केबल बसवा. मग काही जीबी कॉपी करून तीच ओळ पुन्हा पाहा.

इथंच लोक फसतात. केबल बदलली तरी हा आकडा सहसा शून्यावर येत नाही, कारण ती डिस्कची जन्मभराची मोजणी आहे. तो २६ वरच थांबला, तर दोष केबलचाच होता. वाढतच राहिला, तर मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरून पाहा आणि वीजपुरवठ्याची जोडणी तपासा. एवढं करूनही वाढ चालू असेल, तर डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा. तिथंही आकडा चढला, तर डिस्कवरच्या सर्किटमध्ये किंवा तिच्या जोडणीच्या टोकात बिघाड असू शकतो.

मात्र C5 किंवा C6 मध्ये शून्याखेरीज काही दिसलं, तर केबलच्या मागे वेळ घालवू नका. त्याच दिवशी डेटा दुसरीकडे हलवा.