यांत्रिक एकता, सेंद्रिय एकता आणि बलुतेदारीचा प्रश्न

एमिल दुर्खीम यांनी 1893 च्या 'समाजातील श्रमविभाजन' या ग्रंथात समाजबंधांचे दोन प्रकार मांडले. लोक एकमेकांसारखे असल्यामुळे जे ऐक्य निर्माण होते, ती यांत्रिक एकता. तिचा आधार सर्वांची समान श्रद्धा व नीतिकल्पना, म्हणजेच सामूहिक जाणीव होय. लोक वेगवेगळी कामे करून एकमेकांवर अवलंबून राहतात, तेव्हा सेंद्रिय एकता निर्माण होते. शरीरातील अवयवांप्रमाणे येथे भिन्नताच जोडते.

एकता डोळ्यांना दिसत नाही; मग ती ओळखायची कशी? दुर्खीम कायद्याकडे बोट दाखवतात. कायदा प्रामुख्याने शिक्षा देणारा असेल, तर गुन्हा हा साऱ्या समाजाच्या भावनेवरचा आघात मानला जातो. हे यांत्रिक एकतेचे लक्षण. करारभंग झाल्यावर नुकसानभरपाई देऊन संबंध पूर्ववत करणारा कायदा वाढला, तर सेंद्रिय एकता वाढली असे समजावे.

हा बदल का होतो? लोकसंख्या वाढते आणि लोकांचा परस्परसंपर्कही वाढतो. एकच काम करणारे अनेक जण जवळ आले की स्पर्धा तीव्र होते. प्रत्येकाने वेगळे काम धरले, तर सर्वांना जगता येते.

आता एक उदाहरण तपासा. महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी असे बलुतेदार होते. लोहार शेतकऱ्याची अवजारे दुरुस्त करी आणि सुगीच्या वेळी धान्याच्या रूपात बलुते घेई. कामे भिन्न, अवलंबन परस्पर. म्हणून अनेक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत 'सेंद्रिय एकता' असे लिहून मोकळे होतात.

येथे थांबून विचारा: काम कोण ठरवत होते? जन्म. लोहाराच्या मुलाचा कल दुसरीकडे असला, तरी त्याला सहसा भाताच सांभाळावा लागे. नियम मोडणाऱ्याला भरपाई मागितली जात नसे. जात त्याला वाळीत टाकत असे. ही कायद्याची कसोटी लावली, तर यांत्रिक एकतेची खूण दिसते.

दुर्खीम यांच्याकडे अशा स्थितीसाठी 'सक्तीचे श्रमविभाजन' ही संकल्पना आहे. माणसाची क्षमता आणि त्याच्या वाट्याचे काम यांचा मेळ नसेल, तर अवलंबन असूनही खरी एकता निर्माण होत नाही. त्या बंधाला केवळ बळाचा आधार उरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये 'जातिसंहार' या निबंधात हाच मुद्दा पुढे नेला: जात ही केवळ कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांची विभागणी आहे, आणि तीही उच्चनीच श्रेणींची.

म्हणून एखाद्या समाजाची एकता ठरवताना किती प्रकारची कामे आहेत, एवढेच मोजू नका. काम बदलण्याची मुभा आहे का आणि नियम मोडल्यावर काय होते, हेही पाहा.