छायाचित्र गायब, प्रश्न शिल्लक

सराव प्रश्नपत्रिका झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून फिरतात, नाहीतर पीडीएफ होऊन व्हॉट्सअॅपवर येतात. या फिरण्यात पहिला बळी जातो सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्रांचा. ‘सोबतच्या छायाचित्रातील पेशीविभाजनाची अवस्था ओळखा’ एवढं वाक्य उरतं आणि त्याखाली एक काळा डाग किंवा रिकामी चौकट. मुलं बहुतेक वेळा ‘मध्यावस्था’ लिहून मोकळी होतात, कारण पुस्तकातल्या चार आकृत्यांपैकी तीच डोळ्यांसमोर पटकन येते. तो निव्वळ अंदाज असतो. खरं तर प्रश्नाच्या उरलेल्या शब्दांत बरंच काही सापडू शकतं, फक्त ते कुठं शोधायचं हे ठाऊक हवं.

एक प्रश्न घेऊ. ‘सोबत कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीचं छायाचित्र दिलं आहे. (अ) अवस्था ओळखा. (आ) या पेशीत एकूण किती गुणसूत्रे आहेत? (इ) ही अवस्था सुरू होताना गुणसूत्रबिंदूंचे काय होते?’ छायाचित्र गेलेलं आहे, पण मागच्या पानावर (आ)चं उत्तर छापलंय: 32.

सुरुवात ‘मुळाच्या टोका’पासून करायची. मुळाचं टोक वाढतं ते सूत्री विभाजनानं. अर्धसूत्री विभाजन तिथं होत नाही. म्हणजे निम्म्या शक्यता एका शब्दानं बाद झाल्या. आता आकडा पाहू. कांद्याच्या कायिक पेशीत 16 गुणसूत्रं असतात. विभाजनाआधी प्रत्येकाची प्रत तयार होते, पण दोन्ही प्रती गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेल्या असतात, तोवर ते एकच गुणसूत्र मोजायचं. त्यातल्या प्रत्येक प्रतीला अर्धगुणसूत्र म्हणतात. म्हणून पूर्वावस्थेत आणि मध्यावस्थेत मोजणी 16च येते. गुणसूत्रबिंदू दुभंगले की प्रत्येक अर्धगुणसूत्र स्वतंत्र गुणसूत्र ठरतं आणि त्याच पेशीत अचानक 32 होतात, दोन्ही टोकांकडे निघालेली सोळा-सोळा. ही पश्चावस्था. अंत्यावस्थेतही, मधे भिंत पुरी होईपर्यंत, आख्ख्या पेशीचा हिशेब 32च राहतो. या दोघींतली निवड (इ) करून देतो: गुणसूत्रबिंदू दुभंगण्यानं जी सुरू होते ती पश्चावस्था. छायाचित्र न पाहता उत्तर मिळालं, आणि तेही कारणासकट.

इथं एक धोका आहे. उत्तर छापणाऱ्यानं ‘गुणसूत्रे’ लिहून मनात अर्धगुणसूत्रं मोजली असतील, तर मध्यावस्थेतही 32च येतील. तसं झालंय का हे (इ)सारख्या दुसऱ्या उपप्रश्नाशी ताडून कळतं. तो नसेल तर एकट्या आकड्यावर विसंबू नये. डीएनएचं प्रमाण विचारलं असेल तर ते इथं काहीच कामाचं नाही. पूर्वावस्थेपासून पश्चावस्थेपर्यंत पेशीतला एकूण डीएनए तेवढाच असतो. बदलते ती त्याची मांडणी.

कधी शब्दांत काहीच नसतं, पण मैत्रिणीकडे मूळ कागद असतो आणि ती फोनवर वर्णन करू शकते. मग तिला नेमकं काय विचारायचं? ‘तुर्कतंतू दिसतायत का?’ हा प्रश्न बहुतेक मुलं विचारतात आणि तो वाया जातो. पुस्तकातली आकृती हाताने काढलेली असते, तिच्यात तंतू असतातच. प्रयोगशाळेतल्या स्लाइडवर मुळाचं टोक अॅसिटोकार्मिननं रंगवून काचेखाली दाबलेलं असतं. तो रंग गुणसूत्रं गडद लाल करतो. तुर्कतंतू साध्या सूक्ष्मदर्शकातून सहसा दिसतच नाहीत. तारककेंद्र तर कांद्याच्या पेशीत नसतंच. प्रश्नात त्याचा उल्लेख असेल तर चित्र प्राणीपेशीचं आहे, एवढं मात्र कळतं.

पहिला प्रश्न असा हवा: रंगलेला भाग एकाच जागी आहे की दोन जागी? दोन जागी असेल तर पश्चावस्था किंवा अंत्यावस्था. पश्चावस्थेत प्रत्येक गटातून गुणसूत्रांच्या शेपट्या मधल्या बाजूला लोंबत दिसतात; शाळेत त्याला केळीच्या घडाची उपमा देतात आणि ती अगदी चपखल आहे. अंत्यावस्थेत शेपट्या ओळखू येत नाहीत, दोन गोळे बनतात. एकच भाग असेल तर विचारायचं, तो गोल गुंत्यासारखा आहे की पेशीच्या मधोमध पट्ट्यासारखा? गुंता आणि त्यात सुटे धागे ओळखू येत असतील तर पूर्वावस्था. धागे वेगळे दिसत नसतील, नुसतं दाणेदार केंद्रक असेल, तर विभाजन सुरूच झालेलं नाही.

इतकं विचारूनही फसगत होते, आणि बहुधा दोनच ठिकाणी. मैत्रीण म्हणते, ‘मधोमध आडवी रेघ आहे.’ ऐकणारा लगेच मध्यावस्था लिहितो. पण वनस्पतीपेशीत अंत्यावस्थेच्या वेळी दोन नव्या केंद्रकांच्या मधे पेशीपटल तयार होत असतं, तीही मधोमध रेघच. तिला विचारावं, रेघ गडद आहे की फिकट, आणि तिच्या दोन्ही बाजूंना गोळे आहेत का. गडद, जाड, ओबडधोबड पट्टा आणि बाजूंना रिकामी जागा म्हणजे मध्यावस्था. बारीक फिकट रेघ आणि दोन्हीकडे लाल गोळे म्हणजे अंत्यावस्था.

दुसरी फसगत याच्या उलट असते. पट्टा नाही, गुणसूत्रांचं गोल कडं दिसतं, म्हणून पूर्वावस्था लिहिली जाते. पण मध्यावस्थेतला पट्टा म्हणजे खरं तर पेशीच्या मध्यावर पसरलेलं एक प्रतल. पेशी काचेवर कशी आडवी पडली त्यावर ते बाजूनं दिसतं किंवा टोकाकडून. टोकाकडून पाहिलं तर रेघेऐवजी फुलासारखं कडं दिसतं. अशा वेळी गुणसूत्रं आखूड, जाड आणि एकमेकांपासून सुटी दिसतात, मोजताही येतात. पूर्वावस्थेतले धागे लांब आणि एकमेकांत गुरफटलेले असतात. गंमत म्हणजे गुणसूत्रं मोजायला कडंच सोयीचं असतं, पण परीक्षक ते क्वचित निवडतात. त्यांना पुस्तकातल्या आकृतीशी जुळणारी पेशी हवी असते. स्लाइडवर बहुसंख्य पेशी विभाजनाबाहेरच्या असतात, तरी छायाचित्रासाठी चार ठरावीक अवस्थांमधलीच कुठलीतरी शोधली जाते. ते सोयीचं, पण त्यामुळे खरी स्लाइड पाहिल्यावर मुलं गोंधळतात.

प्रश्नात मुळाऐवजी ‘कांद्याच्या फुलाच्या कळीतील परागकोश’ असं असेल तर हिशेब बदलतो, कारण तिथं अर्धसूत्री विभाजन असतं. आता ‘मध्यावर 8 गडद घटक दिसतात’ एवढंच कळलं तर उत्तर ठरत नाही. पहिल्या विभाजनाच्या मध्यावस्थेत 16 गुणसूत्रं जोड्या करून येतात, म्हणून 8 घटक दिसतात. दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावस्थेत पेशीत मुळातच 8 गुणसूत्रं उरलेली असतात, म्हणून तेवढेच. इथं आकारावरून ठरवावं लागतं. जोडी मोठी असते आणि दोन गुणसूत्रं जिथं एकमेकांत अडकलेली असतात तिथं तिचं कडं किंवा फुली झालेली दिसते. सुटं गुणसूत्र साधं आणि लहान असतं. शिवाय कांद्यात पहिल्या विभाजनानंतर मधे भिंत पडते, त्यामुळे दुसऱ्या विभाजनातली पेशी सहसा एकटी नसते, तिला चिकटून जोडीदार पेशी असते आणि तीही जवळपास त्याच अवस्थेत असते. फोनवर विचारायचंच झालं तर हे आधी विचारावं. आणि छायाचित्र एकाच पेशीपुरतं कापलेलं असेल, आकाराचंही वर्णन मिळत नसेल, तर उत्तरपत्रिकेत ‘जोड्या असतील तर मध्यावस्था 1, सुटी गुणसूत्रे असतील तर मध्यावस्था 2’ असं दोन्ही लिहावं. ‘चित्र मिळाले नाही’ असं शेजारी नमूद करायला लाजू नये.